बीएमआय नॉर्मल आला, मग शुगर कशी काय निघाली?

कापसाची वेचणी संपत आली की आमच्या यवतमाळ-वर्ध्याकडच्या गावांत आरोग्य शिबिरं सुरू होतात. ग्रामपंचायतीसमोर मंडप, एक वजनकाटा, भिंतीला चिकटवलेली उंचीची पट्टी आणि शेवटी हातात एक चिठ्ठी, तिच्यावर बीपी, शुगर आणि बीएमआय असे तीन आकडे. बीपी आणि शुगर आता बऱ्याच लोकांना कळते, घरोघरी कोणी ना कोणी गोळ्या घेतेच. पण हा तिसरा आकडा काय आहे हे कोणी नीट सांगत नाही, आणि मी उपकेंद्रात काम करते म्हणून शिबिर झाल्यावर लोक चिठ्ठी घेऊन माझ्याकडे येतात.

एक जण म्हणतो, "म्याडम, इथं त नॉर्मल लिवलं हाय, मंग शुगर काहून वाढली?" दुसरा म्हणतो, "मले जाड लिवलं बापा, मी त दिवसभर पोते उचलतो, पोट त नाईच मले." दोघांचाही प्रश्न एकदम बरोबर आहे, आणि दोघांचं उत्तर एकाच ठिकाणी आहे, म्हणून म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं.

## हा आकडा काढतात कसा

बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा. तो काढायला किलोमधलं वजन घ्यायचं, त्याला मीटरमधल्या उंचीने भागायचं आणि जे येईल त्याला परत एकदा उंचीनेच भागायचं. बस इतकंच. माणूस 61 किलोचा आणि 164 सेंटीमीटर उंचीचा असेल तर मोबाईलच्या कॅल्क्युलेटरवर 61 भागिले 1.64 भागिले 1.64, उत्तर 22.7.

उंचीने दोनदा का भागायचं? कारण उंच माणूस जड असणारच, त्याला त्याच्या उंचीची सूट द्यायला पाहिजे. एकदाच भागलं तर सगळे उंच लोक जाड निघतात आणि तीनदा भागलं तर सगळे उंच लोक बारीक निघतात. मोठ्या माणसांत दोनदा भागल्यावर हिशोब बऱ्यापैकी जमतो, हे बेल्जियमच्या अडॉल्फ केटेले नावाच्या माणसाला 1830 च्या दशकात दिसलं. तो डॉक्टर नव्हता, गणित आणि खगोलशास्त्राचा माणूस होता, सरासरी माणूस कसा असतो हे शोधत होता, कोणाला कोणता आजार होईल हे त्याला सांगायचंच नव्हतं. पुढे 1972 मध्ये अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी पाच देशांतल्या सात हजारांवर लोकांच्या मोजमापांवर हे सूत्र तपासलं आणि त्याला बीएमआय हे नाव दिलं, पण ते सगळेच्या सगळे पुरुष होते आणि तुलना गटागटांची होती. म्हणजे हे साधन मुळात गर्दीचा अंदाज घ्यायला बनलं आणि नंतर एकेका माणसाच्या चिठ्ठीवर येऊन बसलं.

एक बारीक गोष्ट इथेच सांगते कारण ही चूक शिबिरात सर्रास होते. उंचीने दोनदा भागतो म्हणून उंचीतली चूकसुद्धा दोनदा लागते. 58 किलोची, 152 सेंटीमीटरची बाई चप्पल घालून पट्टीला उभी राहिली आणि 155 लिहिलं गेलं तर 25.1 चा आकडा 24.1 होतो, एक घर खालीच येते. म्हणून चप्पल काढायची, आंबाडा असेल तर सोडायचा, टाचा भिंतीला लावायच्या.

## काट्याला काय कळत नाही

जिनिंगवर कापसाची गाडी नेली की काट्यावर वजन होते, पण भाव तेवढ्यावर ठरत नाही हे इथल्या शेतकऱ्याला सांगायची गरज नाही. सीसीआयचा ग्रेडर ओलावा वेगळा तपासतो, 8 टक्क्यांपर्यंत ठीक, त्याच्यावर भाव कापतो आणि 12 च्या वर गेला तर माल घेतच नाही, कारण काट्याला कापूस किती आणि पाणी किती हे कळत नाही. बीएमआय फक्त काट्यावरचा आकडा आहे. त्यात मांस किती, चरबी किती, हाड किती, अंगात पाणी किती हे काहीच येत नाही, आणि चरबी असेल तर ती मांडीवर आहे का पोटाच्या आत आहे हे तर अजिबातच येत नाही. आणि डायबिटीसच्या दृष्टीने सगळा खेळ ह्या शेवटच्या गोष्टीचा आहे.

## एकच आकडा, दोन माणसं

मागच्या शिबिरात एकामागे एक दोन जण रांगेत होते. एक जिनिंगातला हमाल, वय 42. दुसरा किराणा दुकानदार, वय 44. दोघांची उंची 164, दोघांचं वजन 61, म्हणजे दोघांचा बीएमआय 22.7, आणि दोघांच्याही चिठ्ठीवर एकच शिक्का, नॉर्मल. लांबून बघितलं तर दुकानदारही बारीकच वाटतो, हातपाय काटकुळे, गाल आत गेलेले, फक्त शर्ट सैल घालतो म्हणून पोट दिसत नाही.

टेप लावला तर हमालाची कंबर 77 सेंटीमीटर आणि दुकानदाराची 94. उपाशीपोटी शुगर हमालाची 88, दुकानदाराची 138, आणि जेवल्यावर दोन तासांनी 214. दुकानदाराला घाम फुटला, म्हणे मी त कधी जाड नव्हतोच, मले कशी झाली.

आता समजून घेण्यासाठी समजा की हमालाच्या अंगात चरबी 15 टक्के आहे आणि दुकानदाराच्या अंगात 30 टक्के. म्हणजे एकाच्या 61 किलोत चरबी नऊ किलो आणि दुसऱ्याच्या 61 किलोत अठरा किलो. दुकानदाराकडे मांस कमी पडलं, तेवढी जागा चरबीने भरून काढली, काटा मात्र 61 वरच थांबला. मांस कमी असणं हे पण साधं नुकसान नाही, कारण जेवणातून आलेली साखर सगळ्यात जास्त खेचून घेते ते मांसच. मांस कमी म्हणजे साखर रक्तात रेंगाळणार.

हे काही माझ्या मनाचं नाही. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी 2004 मध्ये 'लॅन्सेट' ह्या मोठ्या वैद्यकीय साप्ताहिकात स्वतःचाच फोटो छापला, दोघं शेजारी शेजारी उभे. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. मशीनवर चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के. दोघं डॉक्टर, आकडा एक, आणि चरबी दुपटीहून जास्त.

## आपल्याच लोकांत असं काहून होते

याचं मूळ फार मागे जाते, आईच्या पोटात. याज्ञिक यांच्याच टीमने 1993 पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा आणि त्यांच्या लेकरांचा अभ्यास केला. तिथली बाळं सरासरी 2.7 किलोची, आणि इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टन शहरातली ज्यांच्याशी तुलना केली ती 3.5 किलोची. आपली बाळं बारीक, पण कुठे बारीक? मांस कमी, पोटातले अवयव लहान, आणि पाठीवरची कातडी चिमटीत धरून मोजली तर चरबी मात्र जवळपास गोऱ्या बाळाएवढीच. म्हणजे जन्मतःच बारीक दिसणारं पण चरबी राखून असलेलं बाळ. ही खेडी आपल्याच राज्यातली आहेत, आणि उन्हातान्हात निंदण करत सातवा-आठवा महिना काढणारी बाई आमच्याकडे पण आहे, म्हणून मला हा अभ्यास परका वाटत नाही.

पुढची गोष्ट वय वाढल्यावर घडते. कातडीखाली चरबी साठवायची आपल्या लोकांची ताकद गोऱ्यांपेक्षा कमी पडते असं बऱ्याच संशोधकांचं म्हणणं आहे. कातडीखालची चरबी त्यातल्या त्यात निरुपद्रवी असते, पण तिथली जागा भरली की उरलेली चरबी पोटाच्या आत जाते, आतड्याभोवती, लिव्हरमध्ये, आणि इन्सुलिन बनवणाऱ्या स्वादुपिंडातसुद्धा. आतड्याकडचं रक्त आधी लिव्हरमधूनच जाते, त्यामुळे तिथल्या चरबीचा पहिला तडाखा लिव्हरला बसतो, लिव्हर इन्सुलिनचं ऐकेनासं होते आणि रात्रभर माणूस उपाशी असला तरी रक्तात साखर सोडतच राहते. सकाळी उपाशीपोटी 138 येते ते यामुळे. साखर न खाताही ती येते, म्हणून "मी त चहा बी बिनासाखरेचा पेतो" हे म्हणणं खरं असलं तरी तेवढ्याने सुटका होत नाही.

## मग कोणी 25 म्हणते, कोणी 23, खरं काय?

जगभर चालणारी हद्द अशी आहे की 18.5 च्या खाली कमी वजन, 25 पासून जास्त वजन आणि 30 पासून लठ्ठ. पण आशियातल्या लोकांना कमी आकड्यावरच शुगर-बीपी लागते हे दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी 2004 मध्ये जुनी हद्द कायम ठेवून सांगितलं की आशियाई लोकांत 23 पासूनच सावध व्हावं. भारतातल्या डॉक्टरांनी 2009 मध्ये आपल्यासाठी वेगळी हद्दच धरली, 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठ. त्यामुळे एखादं मशीन किंवा मोबाईल ॲप 24.5 ला हिरवं दाखवते आणि डॉक्टर मात्र भुवया उंचावतात, कारण मशीन परदेशी हद्दीवर सेट असते. दवाखान्यात भारतीय हद्दच धरा.

पण नीट बघा, आमचा दुकानदार 22.7 वर होता. हद्द 23 केली तरी तो सुटलाच. म्हणजे हद्द खाली सरकवल्याने आकड्याचा मूळ दोष जात नाही.

## उलट्या बाजूला पण फसते

आता सुरुवातीचा तो "मले जाड लिवलं" म्हणणारा, पोते उचलणारा, रांगेतला 61 किलोचा हमाल नव्हे. त्याची उंची 164 आणि वजन 71, बीएमआय 26.4, भारतीय हद्दीने सरळ लठ्ठ. कंबर 80, शुगर चांगली, बीपी चांगला. त्याचं वजन खांद्यात, पाठीत आणि मांड्यांत आहे. हमाल, पैलवान, पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं, ह्यांच्या बाबतीत असं होऊ शकते. ह्यांना वजन कमी करा म्हणणं म्हणजे चांगलं मांस घालवा म्हणण्यासारखं आहे.

इथे लगेच कोणीतरी म्हणते, "माये बी हाडंच जड हाय." हे मात्र फारसं खरं नसते. दोन माणसांच्या हाडांत फरक असतो पण तो थोड्याच किलोंचा, पंधरा-वीस किलो जास्त वजन काही हाडांमुळे येत नाही. हाडं जड आहेत का पोट वाढलं हे टेप एका मिनिटात सांगून देतो.

म्हाताऱ्या माणसांत वेगळीच गंमत होते, आणि मला हीच सगळ्यात जास्त काळजीची वाटते कारण इथे आकडा वाईटाला चांगलं दाखवतो. एक आजी तरुणपणी 152 सेंटीमीटर होती, आता पाठीत वाकली, मणके दबले, उंची भरते 146. वजन 44. खऱ्या उंचीवर धरलं तर बीएमआय 19.0, आणि वाकल्यावरच्या उंचीवर 20.6. आजीचं मांस झडलं, लुगड्याच्या घड्या वाढल्या, उठताना जमिनीला हात टेकावा लागते, आणि चिठ्ठी म्हणते तब्येत छान. म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत बिनाहाताने खाटेवरून उठता येते का आणि बांगड्या कोपराकडे सरकायला लागल्या का, हे बघितलं तर जास्त कळते.

किडनी, हृदय किंवा लिव्हरच्या आजारात अंगावर सूज येते ते पाणी पण काट्यावर चढते. नडगीवर अंगठा दाबून धरा, खड्डा पडून तसाच राहिला तर ते वजन चरबीचं नाही आणि त्या दिवशीचा बीएमआय धरायचाच नाही, सरळ डॉक्टरकडे जायचं. गरोदर बाईला बाळाचं वजन असते म्हणून ही हद्द लागत नाही, आणि लेकरांना तर वयाप्रमाणे वेगळा तक्ता असतो, शाळेतल्या पोराला मोठ्याच्या हद्दीने जाड-बारीक ठरवू नका.

## मग आकडा फेकूनच द्यायचा का?

नाही. दोन टोकांना हा आकडा बराच खरा बोलतो. 17 बीएमआयचा माणूस आला आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर आहे तर आम्ही लगेच थुंकी तपासायला पाठवतो, कारण अशा अंगाला टीबी पटकन धरतो. टीबीच्या औषधावर असलेल्या माणसाचं वजन महिन्याला वाढते का, हे बघणं तर फारच कामाचं आहे. तसंच 34-35 आकडा आला तर तो मांसाचा असण्याची शक्यता फार कमी. फसगत होते ती मधल्या पट्ट्यात, साधारण 19 ते 27 च्या दरम्यान, आणि आपल्या गावातली बहुतेक मोठी माणसं नेमकी ह्याच पट्ट्यात असतात.

जानेवारी 2025 मध्ये 'लॅन्सेट'च्याच मासिकात जगभरच्या तज्ज्ञांच्या आयोगाने हेच मांडलं, नुसत्या बीएमआयवर लठ्ठपणा ठरवू नका, कंबरेचं माप घ्या किंवा शक्य असेल तर चरबी थेट मोजा. बीएमआय 40 च्या वर असेल तरच वेगळं काही न मोजता चरबी जास्त आहे असं धरायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. बातम्यांत जे "बीएमआय बाद" म्हणून आलं ते हेच, पण बाद काही केलेला नाही.

## टेप नेमका कुठे लावायचा

आशाताई घरी येते आणि तीस वर्षांच्या वरच्या माणसाचा शुगर-बीपीसारख्या आजारांचा धोका बघायचा सी-बॅक फॉर्म भरते, त्यात बीएमआय विचारलेलाच नाही, कंबर विचारली आहे. बाईची कंबर 80 पर्यंत शून्य गुण, 81 ते 90 एक गुण, 90 च्या वर दोन. पुरुषाची 90 पर्यंत शून्य, 91 ते 100 एक, 100 च्या वर दोन. वय, तंबाखू, दारू, व्यायाम, घरात कोणाला शुगर-बीपी आहे का, हे सगळं मिळून बेरीज चारच्या वर गेली तर तपासणीला आधी पाठवायचं. म्हणून आशाताईने टेप काढला की लाजू नका आणि "पँट 32 ची हाय" असं सांगून मोकळे होऊ नका, कारण पँट पोटाच्या खाली बांधतात आणि पोट वरून बाहेर येते.

बरोबर जागा म्हणजे शेवटची बरगडी आणि खुब्याच्या हाडाचं वरचं टोक, ह्या दोघांच्या मधोमध. दोन बोटांनी दोन्ही हाडं चाचपून मधला बिंदू धरायचा. परकराची नाडी सैल करायची, कपडा बाजूला सारायचा, टेप सगळीकडून जमिनीला समांतर, घट्ट ओढायचा नाही. श्वास साधा सोडल्यावर आकडा वाचायचा, पोट आत घ्यायचं नाही.

घरी टेप नसला तर सुतळी घ्या. डोक्यापासून टाचेपर्यंत उंचीएवढी कापा, मधोमध दुमडून ती अर्धी लांबी पोटाभोवती फिरवा. टोकाला टोक लागलं तर बरं, नाही लागलं तर कंबर उंचीच्या अर्ध्याच्या वर गेली असं समजा. आमच्या दुकानदाराच्या उंचीचं अर्धं 82, आणि कंबर 94, म्हणजे चार बोटांहून जास्त फट राहिली. त्याला इतकं समजावून जे पटलं नाही ते त्या सुतळीने पटलं.

## कंबर जास्त निघाली तर?

घाबरून उपास सुरू करायचे नाहीत. आधी उपाशीपोटी आणि जेवल्यावर दोन तासांची शुगर, बीपी, आणि डॉक्टर म्हणाले तर लिव्हरची तपासणी. उपाशीपोटी 126 किंवा जास्त, दोनदा आली की डायबिटीस धरतात.

बारीक माणसाने अजून वजन कमी करायचं का, हा प्रश्न दुकानदाराने पण विचारला. इंग्लंडच्या न्यूकॅसलमध्ये बीएमआय 27 च्या खाली असलेल्या 20 डायबिटीस पेशंटवर अभ्यास झाला, डॉक्टरांच्या देखरेखीत खाणं कमी करून वजन उतरवलं, तर 14 जणांची शुगर बिनागोळीची ताब्यात आली आणि लिव्हरमधली चरबी उतरली. पण आमच्या दुकानदाराचे हातपाय आधीच काटकुळे आहेत, त्याने नुसतं खाणं तोडलं तर पोटाआधी मांस जाईल. त्याला डॉक्टरांनी सांगितलं की काट्याकडे नको, टेपकडे बघ, भाताचा ढीग कमी, तुरीचं वरण आणि अंडी जास्त, दुकानात बसून राहायचं नाही आणि आठवड्यातून तीन-चारदा वजन उचलायचं काम. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर उपास स्वतःच्या मनाने अजिबात धरायचा नाही, शुगर एकदम खाली जाऊन माणूस पडू शकतो.

आणि चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियाकडच्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम. तीन महिन्यांची शुगर दाखवणारी एचबीएवनसी नावाची तपासणी असते, ती लाल रक्तपेशींवर बसलेली साखर मोजते. सिकलसेलच्या पेशंटच्या लाल पेशी लवकर मरतात, त्यांच्यावर साखर बसायला पुरेसा वेळच मिळत नाही, म्हणून शुगर जास्त असूनही हा रिपोर्ट कमी येऊ शकतो. सिकलसेलचा वाहक असेल तरी काही मशीनवर रिपोर्ट चुकू शकतो. तुमच्याकडे सिकलसेलचं लाल किंवा पिवळं कार्ड असेल तर रक्त द्यायच्या आधीच लॅबवाल्याला आणि डॉक्टरला ते दाखवा, आणि उपाशीपोटीची व जेवणानंतरची साधी शुगरच करून मागा.